तीन दिवसांचा जादा माल कुणासाठी?

सोलापुरात टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांत एक नियम वर्षानुवर्षे चालत आला आहे. अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत गोदामाच्या दारात उभे राहून विचारा, सूत कधी मागवता? उत्तर बहुतेकदा ठरलेले असते. सूत यायला नऊ दिवस लागतात, म्हणून बारा दिवसांचे शिल्लक राहिले की ऑर्डर टाकायची. नऊ दिवसांचे लागणारच, वरचे तीन दिवस अडीअडचणीला. पांढरे सूत असो, लाल असो की मोरपंखी, सगळ्यांना तोच नियम. त्यावर शंका काढली की पुढचे वाक्यही ठरलेले असते. आमच्या धंद्यातली मागणी बेभरवशाची, व्यापाऱ्याचा फोन येतो आणि एका दिवसात सगळे बदलते, अशा ठिकाणी पुस्तकी सूत्र काय कामाचे? आणि शेवटी, माल संपता कामा नये, एवढे आम्हाला कळते.

ही मते मांडणारे अडाणी नाहीत. माग कसा चालतो, बीम कधी संपतो, कोणता रंगारी वेळ पाळतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. म्हणूनच मला या नियमाचा राग येतो. इतके जाणणारी माणसे साठ्याच्या बाबतीत स्वतःचे ज्ञान बाजूला ठेवतात आणि ठोकळ दिवसांवर विसंबतात. या नियमाने कारखान्यात एकाच वेळी दोन गोष्टी घडतात: जो माल कधीच कमी पडणार नाही त्याचा ढीग साचतो, आणि जो कमी पडतो तो पडतच राहतो. मग दोष नशिबाला दिला जातो.

हिशेब करून पाहू. त्यासाठी टेरी टॉवेलचा एक मध्यम कारखाना कल्पू आणि समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल घेऊ. वर्षाला 300 कामाचे दिवस. दोन प्रकारचे सूत: पाइलसाठी लागणारे पांढरे आणि काठाला व नक्षीला लागणारे रंगवलेले लाल. दोन्हींचा सरासरी वापर दिवसाला 100 किलो. दोन्ही सूत ऑर्डर दिल्यापासून नऊ कामाच्या दिवसांत दारात येते. म्हणजे ऑर्डर टाकल्यापासून माल येईपर्यंत, ज्याला सगळे लीड टाइम म्हणतात त्या काळात, सरासरी 900 किलो लागेल. इथपर्यंत दोन्ही सूत सारखेच, आणि दिवसांचा नियमही इथपर्यंतच पाहतो.

आता जे तो पाहत नाही ते पाहू. पांढरे सूत रोज लागते. सगळ्या मागांवर ते चढलेले असते, एका मागावर कमी लागले तर दुसऱ्यावर जास्त लागते, आणि दिवसाचा आकडा 100 च्या आसपास 15 किलोने वरखाली होतो. लाल सूत तसे नाही. दोन दिवस एकही कोन गोदामातून बाहेर जात नाही, आणि तिसऱ्या दिवशी एखाद्या हॉटेलच्या ऑर्डरसाठी एकदम 250 किलो निघतात. तिथे दिवसाचा आकडा 100 भोवती 90 किलोने हेलकावे खातो. वापर आपल्या सरासरीपासून साधारण किती लांब भटकतो, याचे हे माप म्हणजे प्रमाण विचलन. नऊ दिवसांसाठी ते नऊपट होत नाही. एका दिवशी जास्त गेले तर दुसऱ्या दिवशी कमी जाते, काही फरक एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून ते दिवसांच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. नवाचे वर्गमूळ तीन. पांढऱ्याचे लीड टाइममधले विचलन 45 किलो, लालचे 270 किलो.

नियमाने दोघांनाही 300 किलोची उशी दिली आहे. पांढऱ्यासाठी ही उशी विचलनाच्या जवळजवळ सातपट आहे. कारखाना शंभर वर्षे चालवला तरी ती पूर्ण वापरली जाणार नाही. लालसाठी तीच उशी विचलनाच्या 1.11 पट आहे. वापर सरासरीभोवती नेहमीच्या घंटाकृती वक्रासारखा पसरला असे धरले, तर त्या उशीने सुमारे 87 टक्के वेळा काम भागते. उरलेल्या 13 टक्के वेळा नवा माल येण्याआधी लाल सूत संपते. दर वेळी 3000 किलो मागवले तर वर्षात दहा ऑर्डर होतात, म्हणजे वर्षातून सव्वा वेळा लालसाठी माग थांबणार. कारखानदार म्हणतो, लालचे कायमच वांधे असतात. वांधे लालमुळे होत नाहीत, ते त्याने स्वतःच्या नियमात लिहून ठेवलेले आहेत.

आता दोघांसाठी 95 टक्क्यांची खात्री ठरवू. म्हणजे शंभर ऑर्डरींपैकी पंचाण्णव वेळा माल येईपर्यंत साठा पुरला पाहिजे. या खात्रीला सर्व्हिस लेव्हल म्हणतात, आणि 95 टक्क्यांसाठी विचलनाला 1.645 ने गुणायचे असते. पांढऱ्यासाठी सुरक्षा साठा 74 किलो, लालसाठी 444 किलो. ऑर्डर टाकायची पातळी पांढऱ्याची 974 आणि लालची 1344. सगळे गणित एवढेच आहे:

```
R = d × L + z × σ
लाल:    100 × 9 + 1.645 × 270 = 1344
पांढरे:  100 × 9 + 1.645 × 45  = 974
```

दोन्हींच्या उश्या मिळून 518 किलो होतात. जुन्या नियमात त्या 600 किलो होत्या. साठा कमी झाला आणि लाल संपण्याचा धोका 13 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. पांढऱ्याच्या गोदामात विनाकारण पडलेले 226 किलो मोकळे झाले; किलोला 300 रुपये धरले तर ते 67,800 रुपये. साठा जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त, हा समज इथेच कोसळतो. चुकीच्या जागी ठेवलेला साठा कुणाचेही रक्षण करत नाही.

यावर पुढचा आक्षेप येतो तो बेभरवशाचा. मागणीच अनिश्चित असेल तर तिचे गणित कसे मांडणार? मला हा आक्षेप सर्वांत जास्त सलतो, कारण तो गोष्टी पार उलट्या करतो. मागणी ठरलेली असती तर सुरक्षा साठ्याची गरजच नव्हती. रोज बरोबर 100 किलो गेले असते तर 900 किलो शिल्लक राहताच ऑर्डर टाकली असती, आणि शेवटचा कोन संपत असताना गाडी दारात आली असती. हे सूत्र अनिश्चिततेसाठीच जन्माला आले. आर. एच. विल्सन यांनी 1934 साली ऑर्डर टाकण्याच्या पातळीचा शास्त्रशुद्ध विचार मांडला. केनेथ ॲरो, थिओडोर हॅरिस आणि जेकब मार्शाक यांनी 1951 मध्ये अनिश्चित मागणीखाली साठ्याचे धोरण कसे ठरवावे याचा पाया घातला. या सगळ्यांसमोर मागणी किती असेल हे माहीत नसण्याचाच प्रश्न होता. उद्या किती सूत लागेल हे सूत्र सांगत नाही. नऊ दिवसांत किती लागू शकते, आणि त्यातले किती टोकाचे, एवढेच ते सांगते. त्या नऊ दिवसांचा विस्तार तुमच्या वहीत आधीच आहे. वही न उघडता धंदा बेभरवशाचा आहे असे म्हणणे, ही अनिश्चिततेची कबुली नव्हे, तो तिच्याकडे न पाहण्याचा हट्ट आहे.

वही मात्र नीट उघडावी लागते, आणि इथे मी सूत्राच्या बाजूच्या लोकांनाही सोडणार नाही. संगणकात दिवसाचे विचलन घालून वर्गमुळाने गुणणारे बरेच जण एक गोष्ट विसरतात. वर्गमूळ तेव्हाच खरे, जेव्हा आजचा वापर उद्याच्या वापराला काही सांगत नाही. मागावर तसे होत नाही. लालची ऑर्डर चढली की तो बीम संपेपर्यंत तीन-चार दिवस लालच चालते. जास्त वापराचे दिवस एकमेकांना चिकटून येतात, फरक एकमेकांना खात नाहीत, आणि नऊ दिवसांचे खरे विचलन 270 च्या जागी 350 किंवा 380 निघू शकते. यावर साधा उपाय आहे. दिवसांवरून अंदाज बांधण्यापेक्षा थेट नऊ-नऊ दिवसांचे गठ्ठे करा. वर्षाच्या 300 दिवसांत असे 33 गठ्ठे होतात. प्रत्येक गठ्ठ्यात किती लाल सूत गेले ते लिहा, आणि त्या 33 आकड्यांचे विचलन काढा. पत्रकात त्यासाठी `STDEV.S` हे एक सूत्र पुरे आहे. वर्गमुळाने आलेला आकडा आणि हा आकडा जवळपास जुळले तर ठीक. नाही जुळले तर वर्गमूळ सोडा, गठ्ठ्यांवर विश्वास ठेवा.

वहीत आणखी एक खोट असते, आणि ती मोठी आहे. लाल सूत संपले त्या दिवशी वहीत काय लिहिले जाते? शून्य. पण त्या दिवशी गरज शून्य नव्हती. जॉबरने लालची ऑर्डर बाजूला ठेवून मागावर दुसरा रंग चढवला, एवढेच. ज्या मालाचा सर्वांत जास्त तुटवडा, त्याचाच वापर वहीत सर्वांत शांत आणि कमी दिसतो. त्या आकड्यांवरून सुरक्षा साठा काढला तर तो कमी येतो, पुन्हा तुटवडा होतो, आणि वही पुन्हा शांत राहते. यातून सुटायचे असेल तर गोदामाच्या वहीत एक रकाना वाढवा: मागितले पण नव्हते. जॉबरने 120 किलो लाल मागितले आणि 40 मिळाले, तर मागणी 120 लिहायची. एवढे केले नाही तर पुढचे सगळे गणित तुटवड्याला पाणी घालते.

ऋतूंचाही गोंधळ होतो. सोलापुरात शाळेच्या गणवेशांचा मोठा धंदा आहे आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधी त्याचा जोर असतो. चादरीचा जोर थंडीत. हा चढउतार दरवर्षी त्याच महिन्यांत येतो, म्हणजे तो माहीत आहे. जे माहीत आहे त्यासाठी सुरक्षा साठा नसतो. ज्यांच्या मालाला असा हंगाम आहे ते वर्षभराचे सगळे आकडे एकत्र ओतून विचलन काढतील तर ते फुगलेले येईल. मग मंदीच्या महिन्यांत माल गोदामात कुजेल, आणि हंगामात तरीही कमी पडेल, कारण तेव्हा सरासरीच दिवसाला 100 वरून 150 वर गेलेली असेल. हंगामाची सरासरी वेगळी धरा, तिच्याभोवतीचे विचलन वेगळे काढा, आणि ऑर्डरची पातळी हंगामाबरोबर बदला. भिंतीवर एकदा रंगवलेला आकडा बारा महिने चालत नाही.

आता त्या वाक्याकडे येऊ, ज्याच्याविरुद्ध बोलायला कुणी धजत नाही: माल संपता कामा नये. ऐकायला हे जबाबदारीचे वाटते. पण याचा अर्थ काय? लालच्या सूत्रात 100 टक्क्यांची खात्री घालून पाहा. उत्तर येतच नाही, कारण त्या वक्राला टोक नाही. 90 टक्के खात्रीला 346 किलो उशी लागते, 95 ला 444, 99 ला 628 आणि 99.9 ला 834. नव्वदवरून पंचाण्णववर जायला 98 किलो लागले. पंचाण्णववरून नव्याण्णववर, म्हणजे फक्त चार टक्क्यांसाठी, 184. आणि शेवटच्या नऊ दशांश टक्क्यासाठी 206. जो माणूस म्हणतो, संपता कामा नये, तो प्रत्यक्षात 100 टक्के ठेवत नाही, ठेवूच शकत नाही. तो कुठेतरी थांबतो. लालसाठी 87 वर आणि पांढऱ्यासाठी शंभराच्या जवळ थांबतो, आणि आपण कुठे थांबलो हे त्याला माहीत नसते. आकडा न ठरवल्याने निवड टळत नाही, ती फक्त डोळ्यांआड होते. गिऱ्हाइकाला हो म्हणताना आपण किती वेळा शब्द मोडणार आहोत, हे ज्याला माहीत नाही तो कोणत्या तोंडाने भरवसा देतो?

टक्का म्हणजे नक्की काय, यातही घोळ घातला जातो. 95 टक्के म्हणजे शंभर किलोंपैकी पाच किलो कमी पडतील असे नव्हे. शंभर ऑर्डरींपैकी पाच वेळा, माल येईपर्यंतच्या काळात, थोडीफार तूट येईल. त्या पाच वेळांत मिळून कमी पडणारे सूत फारच थोडे असते. लालसाठी हिशेब केला तर 95 टक्क्यांवर एका ऑर्डरमागे सरासरी साडेपाच-सहा किलोची तूट येते, तीही 3000 किलोंच्या मागे. म्हणजे गरजेच्या 99.8 टक्के सूत वेळेवर मिळते. ही दोन वेगळी मापे आहेत. विक्रेता एका मापात वचन देतो आणि गोदामवाला दुसऱ्या मापात साठा ठेवतो, तेव्हा दोघेही प्रामाणिक असून भांडत राहतात. वर्षात दहाच ऑर्डरी होतात म्हणून 95 टक्क्यांवर दोन वर्षांतून एकदा तूट येते. तेच सूत दर आठवड्याला मागवले तर वर्षात पन्नासएक वेळा तोच धोका पत्करावा लागतो, आणि 95 टक्क्यांचा अर्थ वर्षातून अडीच वेळा तूट असा होतो. टक्का तोच, त्याचा परिणाम पाचपट.

दुसऱ्या टोकाला हिशेबनीस उभे आहेत. त्यांचे मत असे की साठा म्हणजे अडकलेला पैसा, तो शून्याकडे न्या, जपानी कंपन्या बघा. जरूर बघा. टोयोटाच्या कानबान पद्धतीत कार्डांची संख्या काढताना मागणी आणि लीड टाइमच्या गुणाकारावर सुरक्षेचा वाढीव भाग धरतातच. त्यांचा साठा कमी असतो कारण त्यांनी आधी लीड टाइम आणि चढउतार कमी केले, पुरवठादार जवळ आणले, उत्पादन सपाट केले. विचलन लहान झाले म्हणून उशी लहान झाली. हेच सूत्र तिथेही चालते. आणि 2011 च्या भूकंपानंतर टोयोटाने आपल्या पुरवठादारांना काही चिप्सचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितले, हे शून्य साठ्याचे गोडवे गाणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवे. 1877 साली उभी राहिलेली जुनी मिल याच शहरात सूत काततही होती आणि कापड विणतही होती. आज बाहेरगावाहून सूत मागवणाऱ्या यंत्रमागवाल्याचा लीड टाइम वेगळाच आहे. त्याला लीड टाइम कमी न करता साठा कमी करायला सांगणे म्हणजे तूट वाढवायला सांगणे. लालसाठी जवळचा रंगारी मिळून लीड टाइम नऊवरून चार दिवसांवर आला, तर विचलन 270 वरून 180 वर येते आणि उशी 444 वरून 296 वर. पैसा असा मोकळा होतो, फर्मान काढून नव्हे.

इथे एक मर्यादा मान्य करायलाच हवी, कारण ती खरी आहे. 33 गठ्ठ्यांवरून काढलेले विचलन आठव्या हिश्शाने इकडेतिकडे असू शकते; 270 म्हटले तर खरे 236 ते 304 च्या दरम्यान कुठेही, आणि साधारण तीनांत एकदा त्याच्याही बाहेर. म्हणून 33 आकड्यांवर 99.9 टक्क्यांचा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्याकडे तेवढी माहितीच नाही. आणि जो रंग महिन्यातून दोनदाच लागतो त्याला घंटाकृती वक्र लावू नका. तिथे 33 गठ्ठे उतरत्या क्रमाने लावा आणि वरून दुसऱ्या आकड्यावर ऑर्डरची पातळी ठेवा. साधारण 95 टक्के तिथेच येतात. पण मर्यादा आहे म्हणून तीन दिवसांच्या नियमाकडे परत जायचे? त्या नियमाला मर्यादाही माहीत नाही. सूत्र निदान किती चुकू शकते हे सांगते.

पातळी काढून झाली तरी ती मोजायची कशाशी, यातही घरोघरी चूक होते. ती मोजायची गोदामातल्या कोनांशी नव्हे. हातातला साठा, त्यात मागवलेला पण न आलेला माल मिळवा, आणि आधीच कुणाच्या ऑर्डरसाठी राखलेला वजा करा. ही बेरीज 1344 वर आली की ऑर्डर. नुसते कोन पाहिले तर वाटेवर असलेला ट्रक विसरून दुसरी ऑर्डर जाते, किंवा राखून ठेवलेले सूत मोकळे समजून ऑर्डर उशिरा जाते. आणि गोदाम रोज न पाहता शनिवारी एकदाच पाहणार असाल तर धोक्याचा काळ नऊ दिवसांचा राहत नाही, त्यात आठवड्याचे सहा दिवस मिळून तो पंधरा होतो. लालचे विचलन 349 आणि उशी 573 होते. रोज दहा मिनिटे न पाहण्याची किंमत 129 किलो सूत.

शेवटी प्रश्न उरतो, 95 च का? 90 का नाही, 99 का नाही? यावर व्यवहारी माणसे म्हणतात, तो मालकाच्या मर्जीचा प्रश्न आहे. नाही, तो दोन किमतींचा प्रश्न आहे. एक किलो लाल सूत वर्षभर साठ्यात ठेवायला व्याज, जागा आणि नुकसान धरून किमतीच्या 20 टक्के, म्हणजे 60 रुपये लागतात असे धरू. एक किलो कमी पडले तर किती नुकसान होते ते दुसरी किंमत. उशीत एक किलो वाढवला की वर्षाला 60 रुपये जातात, आणि वर्षातल्या दहा ऑर्डरींत जेव्हा तूट आली असती तेव्हा तेवढे नुकसान वाचते. दोन्ही सारखे होतात तिथे थांबायचे. राहिलेली ऑर्डर नंतर पूर्ण करता येते असे धरले तर हिशेब एका ओळीचा आहे: तुटीचा धोका म्हणजे सहा भागिले एका किलोच्या तुटीचे नुकसान. नुकसान 60 रुपये असेल तर 10 टक्के धोका योग्य, 120 असेल तर 5 टक्के, 600 असेल तर 1 टक्का. मर्जी यात कुठेच नाही. ज्याने तुटीचे नुकसान मोजले नाही त्याने सर्व्हिस लेव्हल निवडलीच नाही.

आणि ते नुकसान कसे मोजले जाते, यावर माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. कारखानदार आपला बुडालेला नफा मोजतो, घाईने मागवलेल्या सुताचा जास्तीचा दर मोजतो, व्यापाऱ्याने कापलेले पैसे मोजतो, आणि 120 रुपयांवर येऊन थांबतो. पण लाल सूत नाही म्हणून माग उभा राहिला तर ज्या विणकराला विणलेल्या मालावर मजुरी मिळते, त्याची त्या पाळीची कमाई गेली. ती कुणाच्या हिशेबात आहे? सोलापूरचे यंत्रमाग ज्यांच्या हातांवर चालतात त्यांची बुडालेली मजुरी वहीत येत नाही, म्हणून ती नुकसानच नाही असे कसे म्हणता येईल? ती मिळवा. समजा 120 चे 200 झाले. मग योग्य धोका 5 टक्क्यांऐवजी 3 टक्के होतो, सर्व्हिस लेव्हल 97, आणि लालची उशी 444 वरून 508 किलोवर जाते. वाढ 64 किलोंची. 60 रुपयांप्रमाणे वर्षाचे 3840 रुपये. महिन्याचे 320. विणकराची पाळी बुडू नये म्हणून साठा वाढवणे परवडत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हा आकडा आपल्या कारखान्याच्या खऱ्या आकड्यांनी पुन्हा काढावा, आणि मग परवडत नाही असे त्या विणकरासमोर उभे राहून सांगावे.